डेल्टा-व्हीचा जमाखर्च

पृथ्वीपासून सुमारे २०० किलोमीटर उंचीवर वर्तुळाकार कक्षेत फिरत राहायचे, तर यानाचा वेग सेकंदाला ७.८ किलोमीटर असावा लागतो. पण यानाला त्या कक्षेत नेऊन सोडणाऱ्या रॉकेटची तयारी तेवढ्याच वेगाची असून भागत नाही. उड्डाणतळावर उभे असताना त्याच्या टाक्यांत सेकंदाला ९ ते ९.५ किलोमीटर वेग देण्याइतके इंधन असावे लागते. वरचा दीड किलोमीटर शेवटी कुठेच दिसत नाही. कक्षेत पोचलेले यान मोजले तर त्याचा वेग ७.८ किलोमीटरच भरतो. हा न दिसणारा खर्च कोणकोणत्या खात्यांत जातो, त्यातला किती टाळता येतो आणि किती नाही, हे समजले की मोहिमेचे वेगाचे अंदाजपत्रक म्हणजे काय ते आपोआप समजते.

या अंदाजपत्रकाचे चलन म्हणजे डेल्टा-व्ही. गुरुत्वाकर्षण नाही, हवा नाही, अशा मोकळ्या अवकाशात रॉकेटने सगळे इंधन जाळले असते तर त्याच्या वेगात एकूण जेवढा बदल झाला असता, तेवढी त्याची डेल्टा-व्ही. प्रत्यक्ष उड्डाणात किती वेग आला याच्याशी तिचा थेट संबंध नाही. इंजिनाने किती काम केले याची ती नोंद आहे. म्हणूनच वेग वाढवण्यासाठी खर्च केलेला एक किलोमीटर आणि नंतर तो कमी करण्यासाठी खर्च केलेला एक किलोमीटर मिळून खर्च दोन किलोमीटरचा होतो, शून्याचा नाही. तसेच एखाद्या कामाला लागणारी डेल्टा-व्ही यानाच्या वजनावर अवलंबून नसते. दहा किलोच्या उपग्रहाची आणि चाळीस टनांच्या यानाची कक्षा सारखीच बदलायची असेल, तर अंदाजपत्रकातला आकडा एकच राहतो. फरक पडतो तो त्या आकड्यासाठी लागणाऱ्या इंधनात.

आकडा आणि इंधन यांची सांगड घालणारे सूत्र कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की या रशियातल्या कालुगा गावच्या शिक्षकाने १९०३ साली प्रसिद्ध केले.

Δv = u × ln(M/m)

यात u म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग, M म्हणजे इंधन भरलेल्या रॉकेटचे वस्तुमान आणि m म्हणजे इंधन संपल्यावर उरलेले वस्तुमान. केरोसिन आणि द्रव ऑक्सिजन जाळणाऱ्या इंजिनात u निर्वात जागी सेकंदाला साधारण ३ किलोमीटर असतो, द्रव हायड्रोजन वापरणाऱ्या इंजिनात ४ किलोमीटरच्या थोडा वर. (रॉकेटच्या बाबतीत इंधन म्हणताना त्यात ऑक्सिजनही धरायचा, वजनाने तोच जास्त असतो.) सूत्रातला लॉगॅरिदम हा सगळ्या अडचणींचे मूळ आहे. डेल्टा-व्ही सरळ रेषेत वाढवत नेली, तर M/m हे गुणोत्तर गुणाकाराच्या गतीने वाढत जाते.

दीड किलोमीटरच्या जादा खर्चाचे गांभीर्य यातूनच कळते. उदाहरणासाठी u सरासरी ३.५ किलोमीटर धरू. केवळ कक्षावेग, म्हणजे ७.८ किलोमीटर पुरेसा असता, तर उड्डाणावेळच्या दर शंभर किलोंपैकी जवळपास ११ किलो कक्षेत पोचले असते. ९.२७ किलोमीटर लागतात म्हटल्यावर हेच ७ किलोंवर येते. त्यात टाक्या, इंजिने, नळ्या, सांगाडा यांचे वजन ६ किलो धरले, तर पहिल्या परिस्थितीत उपग्रहासाठी जवळजवळ ५ किलो उरतात, दुसऱ्या परिस्थितीत जेमतेम १. वेगाचा खर्च एकोणीस टक्क्यांनी वाढला आणि उपयोगी भार एक पंचमांशावर आला. एकाच टप्प्यात कक्षा गाठणारी रॉकेटे कागदावर वारंवार येतात आणि प्रत्यक्षात येत नाहीत, त्याचे कारण या एका किलोत आहे. रिकाम्या टाक्या वाटेत टाकून देत टप्प्याटप्प्याने जाण्याची पद्धत यातूनच आली.

आता जमाखर्च उघडून पाहू. त्यासाठी सॅटर्न ५ या अमेरिकी रॉकेटाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही, कारण त्याच्या उड्डाणांचे तपशील सेकंदासेकंदाने नोंदलेले आहेत. चंद्राकडे जाण्याआधी अपोलो यान १८० किलोमीटरच्या आसपासच्या एका तात्पुरत्या कक्षेत थांबे. तिथवर पोचण्याचा हिशेब असा मांडला जातो: कक्षावेग सेकंदाला ७,७९८ मीटर, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध गेलेला तोटा १,५३४ मीटर, रेट्याची दिशा आणि वेगाची दिशा जुळत नसल्यामुळे झालेला तोटा २४३ मीटर, हवेच्या रोधाचा तोटा ४० मीटर. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याने फुकट मिळालेले ३४८ मीटर जमेला. बेरीज-वजाबाकी करून ९,२६७ मीटर.

या यादीत वाचकाला पहिला धक्का बसतो तो हवेच्या आकड्याचा. कक्षेत जायला जास्त वेग का लागतो असे विचारले, तर बहुतेक जण हवेकडे बोट दाखवतात. रॉकेट दाट वातावरणातून ध्वनीच्या वेगापलीकडे जाते, तेव्हा मोठा मार खात असणार असे वाटणे साहजिक आहे. मार खाते हे खरेच. अपोलो ११च्या उड्डाणात साधारण ८३व्या सेकंदाला, १३-१४ किलोमीटर उंचीवर, वाऱ्याचा दाब कमाल झाला. तो दर चौरस मीटरला सुमारे साडेतीन टन वजनाइतका होता. पण तेव्हा रॉकेटचे वस्तुमान दीड हजार टनांहून जास्त होते, आणि तेवढ्या वस्तूला त्या रोधाने जे मंदन आले ते किरकोळ होते. शिवाय मिनिटाभरात हवा विरळ होऊन प्रश्नच संपला. रॉकेट जितके मोठे तितका हा तोटा कमी, कारण आकार वाढवला की समोरचे क्षेत्रफळ वर्गाने वाढते, वस्तुमान घनाने. एरियान ४ सारख्या लहान रॉकेटात हा आकडा १३५ मीटरच्या आसपास जातो. तोही एकूण खर्चाच्या दीड टक्काच आहे. हवा रॉकेटच्या आराखड्याला जाच करते, सांगाडा जाड करायला लावते, वाट वाकडी करायला लावते. थेट वेगाच्या रूपात ती फार थोडे घेते.

दुसरा संशयित उंची. दोनशे किलोमीटर वर चढायला ऊर्जा लागते, तोच हा जादा खर्च असेल का? हे तपासायला एक काल्पनिक पृथ्वी घ्यावी, हवा नसलेली आणि न फिरणारी. तिथे पृष्ठभागालगत आडव्या दिशेने एकदम स्फोटासारखा वेग द्यायचा, यान लांबट कक्षेतून दुसऱ्या बाजूला २०० किलोमीटर वर जाईल, तिथे आणखी एक छोटा धक्का देऊन कक्षा गोल करायची. पहिल्या धक्क्याला ७.९७ किलोमीटर लागतात, दुसऱ्याला ०.०६. एकूण ८.०३. म्हणजे चढण्याची खरी किंमत पाव किलोमीटरपेक्षाही कमी. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, तिच्यापुढे २०० किलोमीटरची उंची ती काय. वरचे हजार-बाराशे मीटर अजूनही बेहिशेबी राहतात.

ते जातात वेळेत. काल्पनिक पृथ्वीवर धक्का क्षणात दिला होता. खरे इंजिन मिनिटामिनिटांनी जळते, आणि जळत असताना रॉकेट वरच्या दिशेला रोखलेले असेल तर गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला ९.८ मीटर वेग काढून घेत राहते. इंजिनाने तेवढा वेग तर दिलेला असतो, पण तो रॉकेटला नुसते खाली न पडू देण्यात खर्च होतो. यालाच गुरुत्वतोटा म्हणतात.

सॅटर्न ५ चे पहिले दहा सेकंद बारकाईने पाहिले की हे स्पष्ट होते. १६ जुलै १९६९ रोजी केनेडी अवकाश केंद्राच्या ३९-ए तळावरून अपोलो ११ निघाले तेव्हा रॉकेटचे वस्तुमान २,९०० टनांच्या वर होते आणि पाच एफ-१ इंजिनांचा रेटा त्याच्या वजनापेक्षा जेमतेम एक पंचमांशाने जास्त होता. इंजिने सेकंदाला साधारण पावणेबारा मीटर वेग देत होती, त्यातले ९.८ पृथ्वी घेत होती. रॉकेटच्या वाट्याला दोनेक मीटर येत होते. शंभर मीटरपेक्षा उंच रॉकेट आपल्याच मनोऱ्याच्या वर जायला दहा-बारा सेकंद घेते, ते म्हणूनच. चित्रफितीत ती संथ, जड हालचाल भव्य वाटते. हिशेबाच्या वहीत मात्र तो सगळ्यात उधळा काळ आहे. दर सेकंदाला सुमारे १३ टन इंधन जळते आहे. दहा सेकंदांत १३० टन गेले, डेल्टा-व्ही १२० मीटरच्या घरात खर्च झाली आणि रॉकेटचा वेग आहे सेकंदाला वीस-पंचवीस मीटर, महामार्गावरच्या मोटारीइतका.

पुढे इंधन कमी होत जाते, रॉकेट हलके होते आणि तोच रेटा जास्त प्रवेग देतो. त्याच वेळी रॉकेट हळूहळू आडवे होऊ लागते. गुरुत्वतोट्याचे गणित या कोनावर उभे आहे. वेगाची दिशा क्षितिजाशी ९० अंशांत असेल, तर तोटा सेकंदाला ९.८ मीटर, ३० अंशांत असेल, तर निम्मा, ४.९, वेग पूर्ण आडवा असेल, तर शून्य. म्हणून चांगली वाट तीच, जी लवकरात लवकर आडवी होते. सुरुवातीला रॉकेटला जराशी तिरपी दिशा दिली की पुढचे वळण गुरुत्वाकर्षण स्वतःच देते. इंजिन वेगाच्या दिशेतच जळत राहते आणि वाट खाली वाकत जाते. याला गुरुत्ववळण म्हणतात, आणि सगळ्या प्रक्षेपणांच्या वाटांचा तो पाया आहे.

अपोलो ११ चा पहिला टप्पा १६१ सेकंदांनी विझला तेव्हा उंची ६६ किलोमीटर होती आणि जमिनीच्या सापेक्ष वेग सेकंदाला २.४ किलोमीटर. त्या टप्प्याच्या इंधनाचा सूत्राने हिशेब केला, तर त्याने साडेतीन किलोमीटरच्या आसपास डेल्टा-व्ही पुरवली होती. म्हणजे अकराशे मीटरची तूट या पहिल्या पावणेतीन मिनिटांतच आली, आणि ती बव्हंशी गुरुत्वाकर्षणाची. पूर्ण चढण सुमारे ११ मिनिटे ४० सेकंदांची. सातशे सेकंद सरळ वर जाण्यात घालवले असते, तर तोटा जवळजवळ सात किलोमीटर झाला असता. झाला १,५३४ मीटर. त्याला ९.८ ने भागले तर १५६ सेकंद येतात. सातशे सेकंदांच्या जळण्यापैकी फक्त १५६ सेकंद रॉकेट उभे होते असे मानले, तर तोटा तेवढाच येईल. वाट किती चांगली आखली होती याचे हे एका आकड्यातले प्रमाणपत्र. या १,५३४ मध्ये उंची चढण्याची ती पाव किलोमीटरची रक्कमही आलीच. ती वेगळी मोजायची नाही.

मग रॉकेट अगदी सुरुवातीलाच आडवे का करत नाहीत? इथे हवा आपली खरी किंमत वसूल करते. दाट थरात आडवे होऊन वेग वाढवला, तर रोध, दाब आणि ताप असे वाढतात की सांगाडा टिकत नाही. म्हणून दाट हवा ओलांडेपर्यंत थोडे उभे जावे लागते. हवेचा थेट तोटा ४० मीटर आहे, पण ती टाळण्यासाठी उभे जाण्यात गुरुत्वाकर्षणाला द्यावे लागतात ते शेकडो मीटर तिच्याच नावावर लिहायला हवेत. जमाखर्चाच्या ठरलेल्या पद्धतीत ते तसे लिहिले जात नाहीत. म्हणून खात्यांची नावे वाचून कारणे ठरवताना जरा सावध राहावे. खाती एकमेकांत मिसळलेली असतात.

दुसरा उपाय म्हणजे रेटा वाढवून वेळ कमी करणे. स्पेस शटलचा रेटा उड्डाणावेळी वजनाच्या दीडपट होता, आणि तिचा गुरुत्वतोटा १,२२२ मीटर निघतो, सॅटर्नपेक्षा तीनशे मीटरने कमी. पण जास्त रेटा म्हणजे जास्त किंवा जड इंजिने, आणि ती पुढे इंधन संपत आल्यावर निरुपयोगी ओझे होतात. शिवाय रॉकेट हलके झाले की तोच रेटा प्रवेग नको इतका वाढवतो. सॅटर्नचे मधले इंजिन १३५व्या सेकंदालाच मुद्दाम बंद करत, कारण पाचही चालू ठेवली असती तर माणसांवर आणि सांगाड्यावर पृथ्वीवरच्या वजनाच्या चौपटीहून जास्त भार आला असता. शटलची इंजिने कमाल दाबाच्या वेळी थोडी मंद करावी लागत. गुरुत्वतोटा शून्यावर आणणे हे उद्दिष्टच नसते. शेवटी कक्षेत किती किलो पोचतात ते वाढवायचे असते, आणि त्यासाठी थोडा तोटा सोसणे स्वस्त पडते.

दिशेच्या तोट्याचे २४३ मीटर वरच्या टप्प्यांमुळे येतात. सॅटर्नचा दुसरा टप्पा पेटतो तेव्हा त्याचा रेटा त्या वेळच्या वजनापेक्षा कमी असतो, सुमारे आठ दशांश. उभे राहिले असते तर ते खाली कोसळले असते. पण आडव्या वेगामुळे वजनाचा काही भाग आधीच उचलला गेलेला असतो. वेग कक्षावेगाच्या निम्मा झाला की वजनाचा पाव भाग फेडला जातो, पूर्ण झाला की सगळा. मधल्या काळात उरलेले वजन पेलायला इंजिनाचे तोंड वेगाच्या दिशेपेक्षा थोडे वर रोखून ठेवावे लागते. रेट्याचा जो भाग वेगाच्या दिशेत पडत नाही, तो या खात्यात जातो. शटलमध्ये हे खाते ३५८ मीटरचे आहे. सुरुवातीला जोरदार रेट्यामुळे जे वाचले, त्यातला काही भाग इकडे गेला.

जमेच्या बाजूला एकच नोंद आहे, पृथ्वीच्या फिरण्याची. विषुववृत्तावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला ४६५ मीटर वेगाने जाते. केनेडी केंद्र २८.५ अंश उत्तरेला असल्याने तिथे हा वेग ४०९ मीटर आहे, आणि अपोलोची वाट पूर्वेच्या थोडी उत्तरेला कललेली असल्याने तो सगळा पदरी पडत नाही. श्रीहरिकोटा १३.७ अंशांवर आहे. तिथे ४५२ मीटर मिळतात. पण हा लाभ पूर्वेला जाणाऱ्यालाच. पृथ्वीची छायाचित्रे घेणारे उपग्रह बहुधा ध्रुवांवरून जाणाऱ्या, किंचित पश्चिमेला झुकलेल्या कक्षेत ठेवतात. त्यांच्यासाठी जमिनीचा पूर्वेकडचा वेग आधी खोडून काढावा लागतो. जमेची नोंद खर्चात गेली, की पूर्वेच्या प्रक्षेपणाच्या तुलनेत साधारण अर्ध्या किलोमीटरचा फरक पडतो. पीएसएलव्हीला यात आणखी एक भुर्दंड आहे. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला गेले तर वाटेत श्रीलंका येते, म्हणून रॉकेट आधी आग्नेयेला जाऊन मग वळते. वेगाची दिशा बदलणे हाही वेगबदलच, त्याचा खर्च वेगळा. लहान रॉकेटला हा भुर्दंड फार जड जातो, आणि तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनम येथे एसएसएलव्हीसाठी नवा तळ निवडण्यामागचे मुख्य कारण तिथून दक्षिणेला समुद्र मोकळा आहे हेच.

निम्न कक्षा ही अंदाजपत्रकाची पहिली नोंद झाली. अपोलोच्या पुढच्या नोंदी अशा होत्या: कक्षेतून चंद्राकडे निघण्यासाठी सुमारे ३.१ किलोमीटर, चंद्राच्या कक्षेत शिरण्यासाठी ०.९, उतरण्यासाठी २.१, परत वर येण्यासाठी १.८५, घरी निघण्यासाठी १. बेरीज नऊ किलोमीटरच्या आत राहते. निम्न कक्षेपासून चंद्रावर उतरून पृथ्वीकडे परत निघेपर्यंतचा सगळा खर्च मिळून जमिनीवरून पहिल्या १८० किलोमीटरला लागणाऱ्या खर्चापेक्षा कमी आहे. परतीच्या टोकाला पृथ्वीच्या वातावरणात शिरताना ११ किलोमीटरचा वेग होता, तो उष्मारोधक कवचाच्या भरवशावर हवेनेच मारला. तिथे इंजिनाचा खर्च शून्य. अर्थात या नोंदींची नुसती बेरीज करून त्सिओल्कोव्स्कीच्या सूत्रात घालता येत नाही. प्रत्येक नोंद वेगळ्या टप्प्याने, वेगळ्या वजनावर केलेली असते. हिशेब मागून पुढे करावा लागतो. शेवटी परत काय आणायचे तिथून सुरुवात करायची आणि एकेक नोंद चढवत उड्डाणतळावरच्या वजनापर्यंत यायचे.

चंद्राच्या नोंदी गुरुत्वतोट्याची आणखी एक साक्ष देतात. तिथे हवा नाही, पृष्ठभागालगत कक्षावेग १.६८ किलोमीटरच आहे, तरी उतरायला २.१ लागतात. उतरणाऱ्याला जागा पाहायला वेळ हवा असतो, आणि तो वेळ इंजिनावर उभे राहून विकत घ्यावा लागतो. चंद्राचे गुरुत्व सेकंदाला १.६ मीटर घेते; एक मिनिट एका जागी तरंगण्याची किंमत जवळपास शंभर मीटर. म्हणून उतरण्याच्या नोंदीत तरंगण्याचा वेळ सेकंदांत मोजून आधीच लिहिलेला असतो.

प्रत्यक्ष उड्डाणात खर्च अंदाजाप्रमाणे होतो आहे की नाही, हे ओळखण्याची साधने दोन. यानातला प्रवेगमापक इंजिनाचा जोर दाखवतो. गुरुत्वाकर्षण त्याला जाणवत नाही. त्याच्या नोंदींची बेरीज म्हणजे हवेचा रोध वजा जाता खर्च झालेली डेल्टा-व्ही. संगणक त्यात गुरुत्वाकर्षणाचा परिणाम गणिताने घालून खरा वेग काढतो, आणि जमिनीवरचे रडार तो वेगळ्या वाटेने पडताळते. खर्च झालेली डेल्टा-व्ही आणि खरा वेग यांतली तफावत म्हणजे तोटा. ठरलेल्या क्षणी वेग कमी भरत असेल, तर इंजिन वेळेवर बंद करायचे नसते, वेग पुरा होईपर्यंत जाळायचे असते. त्यासाठी इंधनाची राखीव गंगाजळी ठेवलेली असते. अंदाजपत्रकातली ही शेवटची नोंद शिस्तीने राखली जाते, कारण तिच्यातला प्रत्येक किलो उपयोगी भारातून कापलेला असतो.

११ एप्रिल १९७० रोजी अपोलो १३च्या चढणीत ही नोंद वापरावी लागली. दुसऱ्या टप्प्यात लांबीच्या दिशेने तीव्र कंपने सुरू झाली आणि पाचांपैकी मधले इंजिन ठरल्यापेक्षा दोन मिनिटे १२ सेकंद आधी बंद पडले. त्याच्या वाटचे इंधन वाया गेले नाही. उरलेली चार इंजिने त्याच टाकीतून ते ओढत ३४ सेकंद जास्त जळली. पण रेटा कमी झाल्याने वेग उशिरा वाढला, वजन पेलण्यासाठी तोंड जास्त वर रोखावे लागले आणि गुरुत्व आणि दिशा दोन्ही खाती फुगली. तीच डेल्टा-व्ही जास्त वेळ घेऊन खर्च केली की कमी वेग पदरात पडतो, तो हा प्रकार. उरलेली तूट तिसऱ्या टप्प्याने ९ सेकंद जास्त जळून भरून काढली. यान ठरलेल्या कक्षेत पाऊण मिनिट उशिरा पोचले. तिसऱ्या टप्प्याला त्याच टाकीतून पुढे चंद्राकडे जाणारा ३.१ किलोमीटरचा धक्का द्यायचा होता, त्यामुळे ह्यूस्टनमध्ये पहिला प्रश्न उरलेल्या इंधनाचा होता. तपासणीत ते पुरेसे भरले, आणि चंद्राकडे निघण्याची परवानगी मिळाली.